क्लिनिकल प्लेसमेंटचा पहिला अवघड दिवस, त्यावर गिब्स सायकलने निबंध – अ‍ॅनॅलिसिसमधे नक्की लिहायचं काय?

अबोली_यॉर्कशायर

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधे अ‍ॅडल्ट नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिली प्लेसमेंट एका मेडिकल वॉर्डवर झाली आणि आता त्यातल्या एका अवघड प्रसंगावर १५०० शब्दांचा रिफ्लेक्टिव्ह निबंध द्यायचाय. गिब्स सायकलच वापरा असं सांगितलंय, म्हणजे डिस्क्रिप्शन, फीलिंग्स, इव्हॅल्युएशन, अ‍ॅनॅलिसिस, कन्क्लूजन आणि अ‍ॅक्शन प्लॅन या सहा पायऱ्या.

मी पहिल्या दिवसाबद्दल लिहिलं. त्या दिवशी मला एका एचसीएबरोबर, म्हणजे हेल्थकेअर असिस्टंटबरोबर, ऑब्ज करायला, म्हणजे पेशंटचे श्वास, पल्स, बीपी वगैरे मोजून नोंदवायला पाठवलं होतं. एक ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या, घरी पडल्या म्हणून अ‍ॅडमिट झालेल्या. मी त्यांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले तर २४ आले. एचसीएने मागच्या नोंदी बघितल्या, सगळीकडे १६ नाहीतर १८, आणि म्हणाली की १८ टाकू, आत्ताच बाथरूमला जाऊन आल्यात त्या. तिनेच टॅबवर १८ भरलं. मी काहीच बोलले नाही, आम्ही पुढच्या बेडला गेलो. नंतर बऱ्याच वेळाने माझ्या प्रॅक्टिस सुपरवायझरने सहज विचारलं की कसं चाललंय, तेव्हा मी सांगितलं की मला २४ आले होते. तिने जाऊन स्वतः मोजले, २६ आले. मग डॉक्टरना बोलावलं, छातीत इन्फेक्शन निघालं, अँटिबायोटिक सुरू झाली. आजी सुधारल्या, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

ड्राफ्ट दाखवला तर ट्यूटरचा शेरा आला की वर्णन भरपूर आहे, विश्लेषण जवळपास नाहीच. माझं डिस्क्रिप्शनच ९०० शब्दांचं झालंय. आणि इव्हॅल्युएशन आणि अ‍ॅनॅलिसिसमधे मला फरकच कळत नाहीये, दोन्हीकडे तेच तेच लिहिलं जातंय. कोणी असं लिहिलंय का? प्लीज मदत करा.

पेठेतला_पंत

धाग्याचं नाव वाचून प्लेसमेंट म्हणजे कॅम्पस प्लेसमेंट वाटलं, पॅकेज किती मिळालं बघायला आलो होतो :) वाचल्यावर कळलं मामला वेगळा आहे. अबोली, आजी बऱ्या झाल्या ना, मग छान झालं की. पण एक शंका, निबंध कशाला लिहायला लावतात, परीक्षेत प्रश्न विचारून का नाही मोकळं होत?

सिस्टर_मिरज

अबोली बाळा, मी इथे नर्सिंग कॉलेजला शिकवते, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत. आमच्याकडे केस स्टडी आणि नर्सिंग केअर प्लॅन लिहून घेतात, त्यात मी मी करून लिहिलेलं चालत नाही. म्हणून सांगते, भावनांचा भाग दोन ओळीत संपव, "विद्यार्थिनीला असे आढळले" अशा पद्धतीने लिही, म्हणजे आपोआप अभ्यासपूर्ण वाटेल. आणि त्या एचसीए बाईंचं नाव घेऊ नकोस, तुला त्याच वॉर्डात परत जायचंय.

बाकी श्वासाचं म्हणशील तर मी काय सांगू. टीपीआर चार्टवर सगळ्या वॉर्डाला ओळीने १८, २०, १८, २० लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. टेंपरेचरला थर्मामीटर लागतो, बीपीला मशीन लागतं, श्वासाला नुसतं उभं राहून बघावं लागतं आणि तेवढाच वेळ कोणाकडे नसतो.

रेवती_मँचेस्टर

सिस्टर, तुमचा मान ठेवून सांगते, पण इथल्या रिफ्लेक्टिव्ह निबंधात थर्ड पर्सनने लिहिलं तर उलट मार्क जातात. हा निबंध "मी"नेच लिहायचा असतो कारण परीक्षक पेशंटची केस तपासत नसतो, विद्यार्थिनीचं स्वतःकडे बघणं तपासत असतो. केस स्टडीला तुमचं अगदी बरोबर आहे. शेवटचा परिच्छेद मात्र सोनं आहे, त्यावर येते खाली.

मी इथे स्टाफ नर्स होते, प्रॅक्टिस असेसर म्हणून विद्यार्थी बघितले, आता अर्धा वेळ शिकवते, त्यामुळे असे निबंध ढिगाने वाचलेत.

अबोली, तू निबंध दिवसावर लिहिलायस, म्हणून वर्णन ९०० वर गेलं. बस कितीची होती, वॉर्ड कसा सापडला, युनिफॉर्म कसा होता हे सगळं असणार त्यात, हो ना? गिब्ससाठी दिवस घेऊ नकोस, क्षण घे. तुझा क्षण म्हणजे एचसीए "१८ टाकू" म्हणाली आणि तू गप्प राहिलीस तो. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असेल. त्याच्या आधीचं एवढंच हवं की तू कोण होतीस, कोणाबरोबर होतीस, काय मोजलंस. नंतरचं एवढंच की पुढे काय घडलं. अ‍ॅनॅलिसिसला जे लागणार नाही ते डिस्क्रिप्शनमधे ठेवायचं नाही. हे केलंस की २०० शब्दांत बसतं.

एक विचारते, आजींचे बाकीचे ऑब्ज आठवतात का? नाव, बेड, वॉर्ड काही नको, फक्त आकडे.

अबोली_यॉर्कशायर

ताई, बसचं खरंच लिहिलंय मी :( आकडे माझ्या रिफ्लेक्शन वहीत आहेत, पेशंटचं काहीही नाव गाव न लिहिता. सॅच्युरेशन हवेवर ९५, पल्स ११२, बीपी १२४ वरचं, टेंपरेचर ३७.८, शुद्धीवर, व्यवस्थित बोलत होत्या.

डॉ_अनिकेत

पल्स ११२ आणि श्वास २४, पडलेल्या वयस्कर पेशंटला, म्हणजे इन्फेक्शन शोधायलाच हवं. म्हातारी माणसं न्युमोनियात ताप न येता नुसती पडतात किंवा गोंधळतात. बाय द वे आमच्या एमबीबीएसला पण २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून अ‍ॅटकॉम मॉड्यूलमधे रिफ्लेक्शन लिहायला लावतात, लॉगबुकात. बरीच पोरं एकमेकांचं उतरवतात हे वेगळं.

न्यूज-टू, म्हणजे ऑब्जच्या आकड्यांना गुण देऊन पेशंट बिघडतोय का हे ओळखायचा स्कोअर, तो काढला तर १८ धरूनही ३ येतो ना? आणि ३ आला की दर तासाला ऑब्ज करायचे असतात. म्हणजे १८ लिहिल्याने तसा फरक काही पडला नाही, पेशंट तरीही सापडलाच असता. तेव्हा अबोली, उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

रेवती_मँचेस्टर

डॉक्टर, बेरीज बरोबर आहे पण नियमात गल्लत झालीये, आणि अबोलीच्या निबंधाचं सगळं विश्लेषण नेमकं इथेच दडलंय म्हणून सविस्तर लिहिते.

दर तासाचा नियम आहे तो एकाच मोजमापाला ३ गुण आले तर. इथे सॅच्युरेशन ९५ ला १ आणि पल्स ११२ ला २, असे मिळून ३ झाले. त्याला कमी धोका धरतात, ऑब्ज चार ते सहा तासांनी. आता श्वास २४ धरा. २१ ते २४ ला २ गुण आहेत, म्हणजे एकूण ५. आणि ५ ही उंबरठ्याची जागा आहे, तिथून पुढे ऑब्ज किमान दर तासाला आणि डॉक्टरांना किंवा तशा अधिकाराच्या माणसाला तातडीने बघायला बोलवायचं. सुपरवायझरने मोजले तेव्हा २६ आले, २५ पासून पुढे एकट्या श्वासालाच ३ गुण, एकूण ६.

म्हणजे टॅबवर १८ पडलं तेव्हा आजी "परत दुपारी बघू"च्या यादीत गेल्या, आणि २४ पडलं असतं तर त्याच क्षणी कोणीतरी धावत आलं असतं. अबोलीने ड्राफ्टमधे बहुतेक "त्यामुळे पेशंटला धोका निर्माण झाला असता" असं एक मोघम वाक्य लिहिलं असेल. त्याऐवजी हे ३ विरुद्ध ५ असं आकड्यांनी दाखवलं की ते विश्लेषण झालं.

डॉ_अनिकेत

मान्य, एकाच पॅरामीटरला ३ आणि बेरीज ३ यात माझी गफलत झाली. आमच्या हॉस्पिटलात हा स्कोअर चार्टवर छापलेला असतो, वापर मात्र आयसीयूवाल्यांना फोन करताना होतो.

कीर्ती_फिजिओ

अबोली, मी ऑस्ट्रेलियात फिजिओ करतेय, आम्हाला ड्रिस्कॉल होतं, व्हॉट, सो व्हॉट, नाऊ व्हॉट. तीनच प्रश्न, डोक्याला ताप नाही. माझ्या मते गिब्सच्या सहा पायऱ्या उगाच पाडल्यात, माणूस काय भावना एका डब्यात आणि विचार दुसऱ्या डब्यात ठेवून जगतो का? तुमच्या ट्यूटरला विचार मॉडेल बदललं तर चालेल का.

रेवती_मँचेस्टर

कीर्ती, ही टीका गिब्सवर होतेच, आणि त्यात तथ्य आहे. गिब्स स्वतः नर्सिंगचे नव्हेत, शिक्षणक्षेत्रातले. ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमधे असताना १९८८ ला शिक्षकांसाठी लिहिलेलं ते चक्र, नर्सिंगने नंतर उचललं. मूळ मांडणीत कन्क्लूजनचेही दोन भाग होते, एक सर्वसाधारण आणि एक स्वतःपुरता, ते आता बहुतेक हँडआउटमधून गळून गेलेत.

पण ब्रीफमधे गिब्स म्हटलंय तर मॉडेल बदलायच्या फंदात अबोलीने पडू नये. शिवाय नवख्यांचा हमखास घोटाळा होतो तो असा की "मला वाईट वाटलं" इथून ते एकदम "पुढच्या वेळी मी बोलेन" इथे उडी मारतात. गिब्स मधे थांबवून विचारतो, का. ड्रिस्कॉलच्या सो व्हॉटमधे पण तेच करायचं असतं, पण तिथे घाईघाईने निसटून जाणं सोपं आहे.

आता अबोलीचा मूळ प्रश्न. इव्हॅल्युएशन म्हणजे काय बरं झालं, काय वाईट झालं, एवढा निवाडा. उदा. मी पूर्ण मिनिट मोजलं हे चांगलं, विचारल्यावर खरं सांगितलं हे चांगलं, नोंद चुकीची गेली हे वाईट, सांगायला उशीर झाला हे वाईट. इथे थांबायचं. "कारण" हा शब्द लिहावासा वाटला की समजायचं आपण अ‍ॅनॅलिसिसमधे शिरलो. तिथे दोनच प्रश्न घे. मोजलेला आकडा बाजूला का पडला? आणि मी गप्प का राहिले? संदर्भ, गाइडलाइन, पेपर जे काय वाचलंयस ते इथेच वापरायचं, डिस्क्रिप्शन किंवा फीलिंग्समधे नाही.

विनायक_ठाणे

मी मेकॅनिकलवाला, कारखान्यात क्वालिटी बघतो. हे वाचून आमची रूट कॉज अ‍ॅनॅलिसिस आठवली, फाइव्ह व्हाय. पाच वेळा का विचारायचं. का गप्प राहिली? एचसीए अनुभवी म्हणून. अनुभवी म्हणून का गप्प? मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपल्या घरात शिकवतात म्हणून. झालं, मूळ कारण सापडलं, आपले संस्कार! दुसऱ्या तिसऱ्या का ला उत्तर मिळालं. माझ्या हाताखाली येणारी डिप्लोमाची पोरं पण गेजचं रीडिंग चुकीचं दिसलं तरी ऑपरेटरला बोलत नाहीत.

अबोली_यॉर्कशायर

विनायक दादा, अगदी हेच लिहिलंय मी ड्राफ्टमधे, की भारतीय कुटुंबात वाढल्यामुळे मला वरिष्ठांना प्रश्न विचारता येत नाही. पण ट्यूटरने तिथे समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

रेवती_मँचेस्टर

ते प्रश्नचिन्ह योग्य आहे गं. विनायक, पद्धत चांगली आहे, पण साखळी जिथे सोयीचं उत्तर मिळालं तिथे थांबली. तुमचा ऑपरेटर आणि ती पोरं दोघं मराठीच ना? मग संस्कार सारखेच असून एक बोलतो आणि एक गप्प, म्हणजे कारण जागेत आहे, पदात आहे. आणि माझ्या हाताखालच्या इथल्याच जन्माच्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यात अशाच गप्प असतात. एचसीए नोंदणीकृत नर्स नसते, पण वॉर्डात बारा वर्षं असते, आणि विद्यार्थिनीला वाटतं की आपल्या प्रगतीबद्दल हिचं मत विचारलं जाणार. ते खरंही असतं.

संस्काराचा मुद्दा अबोलीने पूर्ण काढावा असं मी म्हणत नाही. एक वाक्य ठेव, पण "हे माझ्यापुरतं एक कारण असू शकतं" अशा सुरात. सगळा भार त्यावर टाकलास तर अ‍ॅक्शन प्लॅनमधे काय लिहिणार, संस्कार बदलेन? त्यावर काही करता येत नाही. पण "आकड्यात फरक आला तर कोणाला सांगायचं हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं" या कारणावर पुढच्या शिफ्टला करता येतं.

सिस्टर_मिरज

रेवती, थर्ड पर्सनचं पटलं, मला माहीत नव्हतं. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. ती एचसीए म्हणाली की आजी बाथरूमला जाऊन आल्या, हे काही अगदीच खोटं कारण नाही. चालून आल्यावर श्वास आणि पल्स दोन्ही वाढतात. तिला सगळं पाप चिकटवून निबंध लिहिला तर तो अन्याय होईल. दहा बेडांचे ऑब्ज एकटीने करणाऱ्या बाईचं पण कोणीतरी बघा.

रेवती_मँचेस्टर

सिस्टर, एकदम बरोबर, आणि हेच निबंधात आलं तर परीक्षक खूश होईल. बाथरूमचं कारण शक्य होतं. पण मग योग्य काम काय? आजींना बसवून थोड्या वेळाने परत मोजायचं. आणि तोवर २४ नोंदवून शेजारी लिहायचं की नुकतंच चालून आल्या. आकडा बदलणं हा उपाय नाही. म्हणजे एचसीएचा अंदाज समजण्यासारखा होता आणि तिची कृती चुकीची होती, ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसू शकतात.

अजून एक. मागच्या सगळ्या नोंदी १६ आणि १८ होत्या म्हणून तिला २४ विचित्र वाटला. पण त्या नोंदी तरी पूर्ण मिनिट मोजून केलेल्या होत्या का? पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एक श्वास इकडेतिकडे झाला की आकड्यात चारचा फरक पडतो. आणि त्या पद्धतीने येणारे आकडे १२, १६, २०, २४ असेच असतात, १८ येऊच शकत नाही. अर्धा मिनिट मोजून दोनाने गुणलं तर सगळे सम. विषम आकडा औषधालाही नसेल तर शंका घ्यायची. सिस्टरनी सांगितलेलं १८, २०, १८, २० तेच आहे. श्वासाला दुर्लक्षित व्हायटल साइन म्हणणारा क्रेटिकोस आणि सहकाऱ्यांचा २००८ चा पेपर मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात आहे, अबोली, तुझ्या लायब्ररीत मिळेल. तो वाच, नुसता शेवटी संदर्भ चिकटवू नकोस.

पेठेतला_पंत

हे विषम आकड्याचं भारी आहे. आमच्या सोसायटीचा पाण्याच्या टाकीचा रजिस्टर पण असाच आहे, रोज सकाळी ७ वाजता बरोब्बर अर्धी टाकी. वॉचमनला उद्या विचारतो.

कीर्ती_फिजिओ

पंत :D

अबोली, फीलिंग्सबद्दल माझं एक. मी माझ्या निबंधात पहिल्यांदा नुसतं "आय फेल्ट अँक्शस" लिहिलं होतं, सुपरवायझर म्हणाली की कधी? तेव्हा की नंतर की आत्ता लिहिताना? तीनही वेगळे निघाले. तुझं पण बघ. एचसीए बोलली तेव्हा काय वाटलं, सुपरवायझरला २६ आले तेव्हा काय, आणि रात्री काय.

अबोली_यॉर्कशायर

कीर्ती, हे करून बघितलं आणि मी चक्रावलेच. एचसीए बोलली तेव्हा मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे माझा आकडा चुकीचा असेल तर बरंच, मला काही करायला नको. भीती वगैरे तेव्हा नव्हतीच, ती २६ ऐकल्यावर आली. आणि रात्री राग, पण तिच्यावर नाही, माझ्यावर. ड्राफ्टमधे मी लिहिलं होतं की मला भीती वाटली म्हणून मी बोलले नाही. ते खरं नाहीये. हे असं लिहिलं तर मार्क कापतील का?

रेवती_मँचेस्टर

अजिबात नाही, हे लिही. निबंधातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद हाच होईल. आणि बघ, लगेच अ‍ॅनॅलिसिस बदललं. भीतीमुळे गप्प राहणं आणि स्वतःच्या मोजणीवर भरवसा नसल्यामुळे सुटका वाटणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपाय वेगळे. भीती असती तर बोलायला कसं शिकायचं हा प्रश्न. भरवसा नसेल तर सरळ उत्तर आहे, परत मोजायचं, दुसऱ्या कोणाला शेजारी उभं करून मोजायचं. "माझी मोजणी चुकली असेल, मी एक मिनिट परत बघू का?" हे वाक्य कोणालाही दुखावत नाही, आणि त्याने आजींचा प्रश्न सुटला असता.

विनायक_ठाणे

हे वाक्य मी माझ्या पोरांना शिकवणार आहे, गेजसाठी. रेवती ताई, शब्दांची वाटणी कशी करायची पण सांगा ना, मुलगी अडलीये तिथे.

रेवती_मँचेस्टर

१५०० ला मी अंदाजे अशी सांगते: सुरुवातीला १००, वर्णन २००, फीलिंग्स १५०, इव्हॅल्युएशन २००, अ‍ॅनॅलिसिस ५००, कन्क्लूजन १५०, अ‍ॅक्शन प्लॅन २००. पण आपल्या ब्रीफमधलं मार्किंग ग्रिड बघ, काहींच्यात अ‍ॅक्शन प्लॅनला जास्त वजन असतं. सुरुवातीच्या १०० मधे गोपनीयतेचं वाक्य येऊ दे, की पेशंट, कर्मचारी आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून नावं बदललीत. नुसतं नाव बदलून भागत नाही, शहर, वॉर्डाचा प्रकार, तारीख आणि पडण्याची कहाणी एकत्र आली की माणूस ओळखू येतो. काही युनिव्हर्सिटीत गोपनीयता मोडली तर बाकी निबंध कितीही चांगला असो, नापास.

अ‍ॅक्शन प्लॅनमधे "मी जास्त आत्मविश्वासाने वागेन" लिहू नकोस, ते झालं की नाही हे कोण तपासणार? असं लिही की ते दुसऱ्याला बघता येईल. शिफ्टच्या सुरुवातीलाच सुपरवायझरला विचारेन की आकड्यात फरक आला तर कोणाला सांगायचं. फरक आला तर परत पूर्ण मिनिट मोजेन. सांगताना एसबीएआरच्या क्रमाने, म्हणजे आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग माझं निरीक्षण आणि शेवटी काय करायला हवं, असं आकड्यासकट सांगेन. आणि मिड-पॉइंट इंटरव्ह्यूला प्रॅक्टिस असेसरकडून हे झालं का ते तपासून घेईन.

डॉ_अनिकेत

एक प्रश्न राहतोच. चुकीची नोंद हा प्रकार रिपोर्ट करायला नको का? तुमच्या एनएमसीच्या, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलच्या कोडमधे असेल की काहीतरी. (आमची एनएमसी वेगळी, नॅशनल मेडिकल कमिशन, गोंधळ नको.)

रेवती_मँचेस्टर

आहे. कोडच्या १०.३ मधे नोंदी अचूक ठेवा, खोट्या करू नका आणि दुसऱ्या कोणी तसं केल्याचं लक्षात आलं तर लगेच योग्य ती कृती करा, असं आहे. अ‍ॅनॅलिसिसमधे हे यायलाच हवं, "मी गप्प का राहिले"च्या शेजारी, कारण अपेक्षा काय होती ते तिथे कळतं. कोड नोंदणीकृत नर्ससाठी आहे, पण विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून त्याच दिशेने वागावं अशी अपेक्षा असते.

पण निबंध ही तक्रार करायची जागा नाही. परीक्षकाने वाचेपर्यंत महिने जातात. नोंदीची काळजी वाटत असेल तर तो रस्ता वेगळा, सुपरवायझर, नर्स इन चार्ज, युनिव्हर्सिटीतला पर्सनल ट्यूटर.

सिस्टर_मिरज

आणि मी म्हणते की सुपरवायझरने परत मोजलं, डॉक्टर आले, चार्ट दुरुस्त झाला, म्हणजे योग्य ती कृती झाली. पहिल्या वर्षाच्या पोरीने पुन्हा ते उकरून काढायची गरज नाही. त्या बाईंशी सुपरवायझर बोललीच असेल.

डॉ_अनिकेत

बोललीच असेल हे आपण गृहीत धरतोय सिस्टर. त्याच वॉर्डात अजून किती १८ असतील कोणास ठाऊक.

अबोली_यॉर्कशायर

सुपरवायझर तिच्याशी बोलली का ते मला खरंच माहीत नाही. उद्या पर्सनल ट्यूटरला भेटायचंय, तेव्हा निबंध बाजूला ठेवून हे वेगळं विचारते.

अ‍ॅनॅलिसिसची सुरुवात परत लिहिली, आधी मराठीत कच्ची, मग इंग्रजी करेन. बघा जमतंय का:

"मी मोजलेला श्वसनदर २४ होता, नोंदला गेला १८. बाकी मोजमापांसह १८ धरल्यास स्कोअर ३ येतो आणि पुढची तपासणी चार ते सहा तासांनी होते. २४ धरल्यास तो ५ होतो आणि तातडीने डॉक्टरांना बोलवावं लागतं. त्यामुळे फरक सहा श्वासांचा दिसला तरी प्रत्यक्षात तो पेशंटला कधी बघितलं जाणार याचा होता. सहकर्मचारीने चालण्याचं कारण दिलं, आणि ते शक्य होतं, पण तसं असल्यास विश्रांतीनंतर पुन्हा मोजणं योग्य ठरलं असतं. मी तसं सुचवलं नाही, कारण तिचं स्पष्टीकरण ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या मोजणीवर माझाच भरवसा नव्हता, आणि ती तपासून बघण्याऐवजी मी ती सोडून दिली. माझ्यासारख्या विद्यार्थिनी नेहमीच असं वागतात."

कीर्ती_फिजिओ

वॉव, पहिल्या पोस्टमधली अबोली आणि ही, फरक दिसतोय.

रेवती_मँचेस्टर

छान झालंय. दोन दुरुस्त्या. शेवटचं वाक्य एकतर काढ किंवा त्याला पेपर शोध, "नेहमीच" आणि "माझ्यासारख्या विद्यार्थिनी" याला आत्ता तुझ्याकडे काही आधार नाही. विद्यार्थी काळजी का बोलून दाखवत नाहीत यावर नर्सिंगमधे बरंच संशोधन झालंय, लायब्रेरियनला विचार, शोधून देतील. आणि "सोडून दिली" च्या पुढे १०.३ चं वाक्य घाल, म्हणजे तू काय केलंस आणि काय अपेक्षित होतं ते लागून येईल.

स्कोअरच्या वाक्याला रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा २०१७ चा न्यूज-टू अहवाल संदर्भ म्हणून दे, वॉर्डातल्या लॅमिनेट केलेल्या चार्टचा नको.